गळतीचे गणित

शंकराच्या पिंडीवर टांगलेले, बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला गळती म्हणतात. पुण्यात मुठेकाठच्या ओंकारेश्वरापासून पेठापेठांतल्या लहान शिवालयांपर्यंत गळती सगळीकडे भेटते. अशाच एका लहान देवळाची पूजाअर्चा आमच्या घराकडे आहे. वडील, म्हणजे अण्णा, चौथीपर्यंत शिकलेले आणि आजोबांना फक्त सही करता येत होती. कॉलेजची पायरी चढणारा घरात मी पहिलाच, आणि बी.ए.ला गणित घेतल्यामुळे "यात पुढे काय?" हा प्रश्न घरी-दारी ऐकणाराही मीच. गळतीने मला या विषयात कसे तोंडघशी पाडले आणि मग काय शिकवले, ते या लेखात सांगायचे आहे.

गेल्या महाशिवरात्रीची गोष्ट. त्या दिवशी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत संततधार चालू असते आणि ती तुटू द्यायची नाही असा आमच्याकडचा दंडक आहे. दुपारी अण्णांना घटकाभर पाठ टेकायची होती म्हणून गळतीवर लक्ष ठेवायला मला बसवले. मी ती काठोकाठ भरली. एकोणीस-वीस मिनिटांनी डोकावून पाहिले तर पाणी निम्म्यावर आले होते. मी मनात हिशेब केला : निम्म्याला वीस मिनिटे लागली, म्हणजे उरलेल्या निम्म्याला आणखी वीस तरी लागतीलच. शिवाय पाणी कमी झाले की दाब कमी होतो, धार मंदावते. तेव्हा वीसपेक्षा जास्तच लागतील. हे बारावीला शिकलेले होते. मी निर्धास्तपणे बाहेर गेलो आणि दहा मिनिटांत परतलो. पाहतो तो गळती कोरडी, धार तुटलेली, आणि रांगेतली माणसे पिंडीकडे पाहत उभी.

अण्णा रागावले नाहीत. कळशी उचलून त्यांनी गळती भरली आणि एवढेच म्हणाले, "निम्मी उतरली म्हणजे संपलीच म्हणायची. तुझे आजोबा निम्म्याच्या आधीच कळशी उचलायचे." मला रागावण्यापेक्षा ते जास्त लागले. धार मंदावते हे माझे म्हणणे खोटे नव्हते. मग चूक कुठे झाली?

चूक पात्राच्या आकारात होती. आमची गळती डब्यासारखी सरळ नाही, नरसाळ्यासारखी निमुळती आहे. तिचे तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचे, खोली ३० सेंटिमीटर, आणि टोकाला छिद्र. पाणी खाली जाते तसा पाण्याचा पृष्ठभागही आकसत जातो. मी दाबाचा विचार केला. पृष्ठभागाचा केलाच नाही. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. दाब कमी झाल्याने धार मंदावते, पण पृष्ठभाग लहान झाल्याने तेवढ्याच धारेने पातळी भराभर उतरते. यांत जिंकते कोण, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी समीकरण मांडावे लागते.

धारेच्या वेगाचा नियम गॅलिलिओचा अनुयायी तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये प्रसिद्ध केला. छिद्रावर h उंचीचे पाणी असेल, तर धारेचा वेग √(2gh) असतो. म्हणजे तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड खाली येताना जो वेग घेईल तोच. छिद्राचे क्षेत्रफळ a धरले तर दर सेकंदाला a√(2gh) एवढे पाणी बाहेर पडायला हवे. प्रत्यक्षात थोडे कमी पडते, कारण छिद्राच्या कडेने आत येणारे पाणी वळण घेते आणि धार छिद्रापेक्षा बारीक होते. म्हणून C हा एक गुणांक लावतात. पातळ, सपाट पत्र्यातल्या गोल छिद्रासाठी तो सुमारे ०.६१ असतो.

आता पाण्याचा पृष्ठभाग A असताना अगदी लहान काळात, dt मध्ये, पातळी dh ने उतरली असे समजू. पात्रातून गेलेले पाणी आणि छिद्रातून पडलेले पाणी एकच, म्हणून

A dh = − C a √(2gh) dt

हेच आपले अवकल समीकरण. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली चल वेगळे करण्याची रीत येथे पुरते. पात्राच्या आकाराचा सगळा प्रभाव A मध्ये आहे. डब्यासारख्या वृत्तचितीत A बदलत नाही. शंकूत आणि अर्धगोलात तो h बरोबर बदलतो, आणि गंमत तिथेच आहे.

शंकूपासून सुरुवात करू. तोंडाची त्रिज्या R, खोली H. समरूप त्रिकोणांवरून h उंचीवर त्रिज्या Rh/H येते, म्हणून A = πR²h²/H². ही किंमत समीकरणात घातली की √h ने भागून h√h उरते. त्याचे समाकलन (2/5) h²√h. शून्यापासून H पर्यंत घेतल्यावर संपूर्ण रिकामे होण्याचा काळ मिळतो :

T = 2πR²√H / (5 C a √(2g))

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र या सूत्रापेक्षा त्याच्या आधीच्या पायरीत आहे. कुठल्याही क्षणी उरलेला काळ h²√h च्या प्रमाणात असतो. पाणी निम्म्यावर आले की h च्या जागी अर्धा घालायचा : अर्ध्याचा वर्ग पाव, त्याला अर्ध्याच्या वर्गमूळाने, म्हणजे ०.७०७ ने गुणले की ०.१७७. म्हणजे निम्म्यावर आलेल्या गळतीत एकूण काळापैकी फक्त १८ टक्के काळ शिल्लक असतो! ८२ टक्के आधीच सरलेला असतो. पाणी तर त्याहूनही कमी, केवळ एक अष्टमांश उरते. आजोबांना समाकलन येत नव्हते, पण ही गोष्ट त्यांच्या हाताला ठाऊक होती.

देऊळ दुपारी बंद असताना एका रविवारी मी खाली बादली ठेवून, घड्याळ घेऊन बसलो. काठापासून निम्म्यापर्यंत १९ मिनिटे २५ सेकंद लागली. निम्म्यापासून धार तुटेपर्यंत ४ मिनिटे ५ सेकंद. एकूण साडेतेवीस मिनिटे; त्यांतली शेवटची चार म्हणजे सुमारे साडेसतरा टक्के. समीकरण म्हणत होते १७.७. डोळ्यांनाही फरक दिसत होता. सुरुवातीला पातळी मिनिटाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरत होती, निम्म्यावर दीड, आणि शेवटी तर ती सरकताना दिसत होती. त्या दिवशी मी दहा मिनिटे बाहेर होतो, आणि गळतीजवळ होती चार.

पण ताळा इथेच थांबला नाही. प्रमाण जुळले, तरी एकूण काळ जुळत नव्हता. आमची गळती आजोबांच्या काळी तांबट आळीतून घडवून आणलेली. तिच्या छिद्रात दोन मिलिमीटरचे ड्रिल अगदी नेमके बसते, म्हणजे a = ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. R १५, H ३०, g ९८१ आणि C ०.६१ घालून काळ येतो १,८२५ सेकंद, म्हणजे साडेतीस मिनिटे. घड्याळ सांगत होते साडेतेवीस. सात मिनिटांची तफावत मोजमापाच्या चुकीने येणार नाही.

दोन दिवस डोके खाल्ल्यावर लक्षात आले की ०.६१ हा आकडा मी पुस्तकातून उचलला होता आणि तो कशाचा आहे ते पाहिलेच नव्हते. तो सपाट बुडातल्या छिद्राचा. तिथे पाणी बाजूंनी आडवे येते आणि छिद्राशी एकदम वळते, म्हणून धार फार आकसते. शंकूत भिंतीच पाण्याला हळूहळू वळवत छिद्राकडे आणतात. वळण कमी, म्हणून आकसणेही कमी आणि C मोठा. माझ्या मोजणीवरून उलट काढला तर C ०.७९ येतो. म्हणजे पात्राचा आकार दोनदा बोलतो : एकदा पृष्ठभागातून आणि दुसऱ्यांदा गुणांकातून. शंकूचे सूत्र लिहून त्यात सपाट बुडाचा गुणांक घालणे ही जोडी चुकीची. शेवटी C हा मोजूनच घ्यावा लागतो.

आता आकाराचा खेळ स्वच्छ दिसावा म्हणून तीन पात्रे शेजारी ठेवू. तिघांचे तोंड सारखेच, ३० सेंटिमीटरचे. पहिला आमचा शंकू, खोली ३०. दुसरा अर्धगोल, त्याची खोली अर्थातच १५. तिसरी सरळ वृत्तचिती, खोली १०. मुद्दाम निवडलेल्या या तिघांत पाणी अगदी सारखे मावते, सुमारे ७.०७ लिटर. तिघांना छिद्र दोन मिलिमीटरचे, आणि तुलना निव्वळ आकाराची व्हावी म्हणून गुणांक तिघांना ०.६१ असाच धरू.

अर्धगोलासाठी वर्तुळाच्या जीवेचा गुणधर्म वापरला की बुडापासून h उंचीवर A = π(2Rh − h²) मिळते. √h ने भागून समाकलन केले की (4/3)Rh√h − (2/5)h²√h; आणि h = R घातल्यावर ४/३ वजा २/५, म्हणजे १४/१५. म्हणून

T = 14πR²√R / (15 C a √(2g))

आकडे घातले तर शंकू साडेतीस मिनिटांत रिकामा होतो, अर्धगोल सुमारे ५० मिनिटांत आणि वृत्तचिती सुमारे ८८ मिनिटांत. पाणी तेवढेच, छिद्र तेच, आणि काळ जवळजवळ तिपटीपर्यंत वाढलेला. यातला काही भाग खोलीचा आहे. उथळ पात्रात दाब मुळातच कमी, म्हणून धार सुरुवातीलाच बारीक. तो भाग बाजूला काढायचा असेल तर प्रत्येक पात्राला विचारावे : तुझी सुरुवातीची धार शेवटपर्यंत तशीच टिकली असती तर तू किती वेळात रिकामे झाले असतेस? त्या काळाच्या वृत्तचितीला २ पट लागतात, अर्धगोलाला ७/५ पट आणि शंकूला ६/५ पट. या तीन अपूर्णांकांत त्रिज्या नाही, छिद्र नाही, गुणांकही नाही. आहे तो फक्त आकार. शंकूचे बहुतेक पाणी वरच्या अंगाला असते आणि ते दाब भरपूर असतानाच निघून जाते, म्हणून तो सर्वांत कमी रेंगाळतो.

निम्म्या खोलीवरचा उरलेला काळही तिघांचा वेगळा. वृत्तचितीत ७१ टक्के काळ उरतो, अर्धगोलात ४३ आणि शंकूत १८. महाशिवरात्रीला मी केलेला तर्क वृत्तचितीला शोभला असता. पिंडीवर पिंपाच्या आकाराचे पात्र असते तर मी निवांत जेवून आलो असतो!

मधला अर्धगोल मला सर्वांत विलक्षण वाटला. त्याच्यात वर सांगितलेल्या दोन्ही ओढी जवळजवळ बरोबरीच्या आहेत. पातळी उतरण्याचा वेग काढून पाहिला तर काठापासून खाली येताना तो आधी किंचित कमी होतो, R च्या दोन-तृतीयांश उंचीवर सर्वांत कमी म्हणजे सुरुवातीच्या ९२ टक्के होतो, मग पुन्हा वाढत ०.३८R उंचीवर मूळ वेगाइतका होतो. म्हणजे काठापासून खोलीच्या ६२ टक्के अंतरापर्यंत पातळी जवळजवळ एकाच गतीने उतरते. या भागात आतल्या बाजूला सारख्या अंतराने रेघा मारल्या तर ते कामचलाऊ घड्याळ होईल. त्याखाली मात्र वेग एकदम वाढतो आणि रेघा फसवू लागतात.

येथे कोणालाही आपले घटिकापात्र आठवेल. लग्नात मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर सोडत ती बुडाला छिद्र असलेली अर्धगोल वाटी एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, भरून बुडे. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या आख्यायिकेत मोती अडकला तो याच छिद्रात. मलाही प्रथम वाटले की सूत्र तिला लावावे. पण ते लागू पडत नाही. घटिकापात्र रिकामे होत नाही, भरते. आणि त्यात पाणी ढकलणारी उंची वाटीची खोली नसून बाहेरची आणि आतली पातळी यांतला फरक असतो. तो फरक ठरतो तरंगणाऱ्या वाटीच्या वजनावर. आकार सारखा दिसला म्हणून समीकरण सारखे होत नाही. गुणांकाच्या वेळी ठेच लागली होती, म्हणून येथे वेळीच सावध झालो.

तोरिचेल्लीच्या नियमालाही तळाशी मर्यादा आहे. दोन मिलिमीटरच्या छिद्रावर पाणी दीडएक सेंटिमीटर उरले की पृष्ठताणाचा जोर पाण्याच्या दाबाच्या बरोबरीला येतो. धार तुटते आणि थेंब सुरू होतात. शंकूत तेव्हा जेमतेम एक घन सेंटिमीटर पाणी उरलेले असते, म्हणून हिशेबात फरक पडत नाही. त्याच तोंडाच्या अर्धगोलात मात्र त्या पातळीला सुमारे १०० घन सेंटिमीटर पाणी उरते आणि ते थेंबाथेंबाने कितीतरी वेळ गळत राहते. त्यामुळे अर्धगोलाचे ५० मिनिटे हे उत्तर धार तुटेपर्यंतच खरे. पुढच्या थेंबांना ते लावू नये.

हे सगळे मी एका संध्याकाळी अण्णांना सांगितले. सूत्र नाही सांगितले. निम्म्यावर चार मिनिटे उरतात एवढेच. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि भोक मोठं झालं म्हणजे? दरवर्षी चिंच लावून घासतो आपण. उन्हाळ्यात बोअरचं पाणी असतं तेव्हा उलट क्षार बसून बारीक होतं."

हा प्रश्न मला सुचला नव्हता. काळ छिद्राच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास दोनचा २.२ मिलिमीटर झाला तर साडेतेवीस मिनिटांची साडेएकोणीस होतात, क्षाराने १.८ झाला तर एकोणतीस. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाने पाच मिनिटांचा फेर. मग दरवेळी ड्रिल आणून मोजायचे का?

उत्तर ६/५ मध्ये मिळाले. छिद्र किती, गुणांक किती, हे माहीत असण्याची गरजच नाही. गळती काठोकाठ भरावी आणि पहिल्या एका मिनिटात पडणारे पाणी मापात धरावे. आमचे ३६० मिलिलिटर भरले. गळतीत मावते ७,०७० मिलिलिटर. भागाकार १९.६ मिनिटे, त्याची सहा-पंचमांश पट २३.५. घड्याळाने सांगितले होते तेच. छिद्र झिजो वा बुजो, त्या दिवशीची धार स्वतःच ते सांगते.

निम्म्याची खूणही आम्ही आता बदलली आहे. काठापासून १० सेंटिमीटर खाली, म्हणजे २० सेंटिमीटर पाणी उरले असताना, आतल्या अंगाला गंधाची रेघ असते. तिथे ३६ टक्के काळ, साडेआठ मिनिटे हाताशी असतात. विहिरीवरून कळशी आणायला तेवढी पुरतात. पहिल्यांदा रेघ ओढली तेव्हा अण्णा जवळ उभे होते. म्हणाले, "आजोबा साधारण इथंच आल्यावर उठायचे." आणि मग जरा थांबून, "मिनिटात किती पडतं ते मापानं बघायचं, ते मात्र त्यांना नव्हतं माहीत. ते मला एकदा करून दाखव."

येत्या महाशिवरात्रीला पहाटे पहिली गळती भरल्यावर माप अण्णा धरणार आहेत आणि घड्याळ मी.